साडीमागचा कागद

ताईंनी फोनवर पहिल्याच वाक्यात निकाल देऊन टाकला होता. "दादा, मागे मरूनच पाहिजे. आमच्या पाकिटाचा रंगच मरून आहे."

ताईंचा मसाल्यांचा व्यवसाय आहे. कांदा-लसूण मसाला, गोडा मसाला, मेतकूट. इतकी वर्षं माल नावावर खपत होता, आता नव्या पाकिटांवर आणि वेबसाइटवर त्यांचा स्वतःचा फोटो हवा होता. पाकिटाचे रंग दोन, मरून आणि हळदी. त्या नेसणार होत्या मोरपंखी साडी, डाळिंबी काठाची, आणि ब्लाउज काठाच्याच रंगाचा. मला ठरवायचं होतं ते फक्त त्यांच्या पाठीमागच्या कागदाचं. स्टुडिओत आम्ही जो कागद वापरतो त्याची गुंडाळी २.७२ मीटर, म्हणजे साधारण नऊ फूट रुंद असते. एकदा वरून सोडली की फोटोतली निम्म्याहून जास्त जागा तीच व्यापते. साडी आणि चेहरा मिळूनही तेवढी जागा घेत नाहीत. त्यामुळे हा रंग चुकला तर बाकी सगळं बरोबर असूनही फोटो बिघडतो.

मी ताईंना म्हटलं, "साडीचा आणि ब्लाउजचा फोटो आधी पाठवा. दिवसाउजेडी, दारात धरून काढा." मॅचिंग सेंटरमध्ये बायका कापड घेऊन दुकानाच्या पायरीवर येतात ना, त्यातलंच हे. ट्यूबलाइटखाली मोरपंखी कधी निळा दिसतो, कधी हिरवा. रंगाचा हिशेब मांडायचा तर आधी रंग खरा कळायला हवा.

आपल्यापैकी अनेकांनी शाळेत एलिमेंटरी, इंटरमीजिएटच्या परीक्षेसाठी रंगचक्र रंगवलेलं असतं. लालसमोर हिरवा, पिवळ्यासमोर जांभळा, निळ्यासमोर नारिंगी. समोरासमोरच्या जोडीला विरोधी रंगसंगती म्हणायचं आणि शेजारशेजारच्या रंगांना जवळची संगती. ते चक्र रंगपेटीचं होतं. मोबाइलच्या आणि संगणकाच्या पडद्याचं चक्र थोडं वेगळं असतं, कारण तिथे लाल, हिरवा आणि निळा हे तीन प्रकाश मिसळून सगळे रंग तयार होतात. या चक्रावर लालसमोर निळसर हिरवा येतो आणि पिवळ्यासमोर जांभळ्याऐवजी निळा. दोन्ही चक्रं आपापल्या जागी बरोबर आहेत. घोटाळा होतो तो अर्धा हिशेब एकावर आणि अर्धा दुसऱ्यावर केला की. ताईंचा फोटो आधी पडद्यावर दिसणार होता, म्हणून मी पडद्याचं चक्र धरलं. त्यावर प्रत्येक रंगाला ० ते ३६० अंशांमधली जागा असते. लाल ० वर, पिवळा ६० वर, हिरवा १२० वर, निळा २४० वर.

फोटो सुधारण्याच्या कुठल्याही प्रोग्रॅममध्ये रंग उचलायचं ड्रॉपर असतं. ते रंगावर टेकवलं की तीन आकडे मिळतात. पहिला चक्रावरची जागा सांगतो, दुसरा रंग किती भडक ते, तिसरा किती उजळ ते. पडद्यावर त्यांना `H`, `S`, `B` अशी अक्षरं असतात. ताईंच्या डिझायनरने मरूनचा कोड दिला होता `#7A1F2B` आणि हळदीचा `#E0A526`. मरून चक्रावर ३५२ अंशांवर आला, हळदी ४१ वर. साडीचा मोरपंखी निघाला १८२. ताईंच्या आधीच्या एका चांगल्या फोटोत गालावर ड्रॉपर टेकवलं, तर त्वचा २३ च्या आसपास.

आता गंमत बघा. १८२ च्या बरोबर समोर २ अंश येतो. पाकिटाचा मरून आहे ३५२ वर, म्हणजे नेमक्या विरोधी जागेपासून दहाच अंश सरकलेला. ताईंनी कसलंही चक्र न बघता, निव्वळ डोळ्याने, आपल्या व्यवसायाच्या रंगाची पक्की विरोधी जोडीदार साडी निवडली होती. यात नवल नाही. पैठणीत अंगाचा रंग एक आणि काठ-पदर वेगळ्या, उठून दिसणाऱ्या रंगाचा, हे आपल्याकडे किती पिढ्या चालत आलंय. ती नजर ताईंच्या डोळ्यांत होतीच.

मग मागे मरूनच लावायला हरकत काय? चक्राचा साधा नियम तर तेच सांगतो: कपड्याच्या समोरचा रंग मागे घ्या, माणूस उठून दिसेल. वर तो ब्रँडचाही रंग.

वाद घालण्यापेक्षा करून बघितलेलं बरं. स्टेशनरीच्या दुकानातून मरून, हळदी, राखाडी आणि बदामी अशा मोठ्या कार्डशीट आणल्या. ताई साडी नेसून आल्या तेव्हा त्यांच्या खांद्यामागे एकेक धरून फोटो काढत गेलो. संपूर्ण गुंडाळी सोडण्याआधी एवढं करावंच. दहा मिनिटं लागतात, आणि महागडा कागद पायाखाली तुडवला जात नाही.

मरूनपुढे पहिली गडबड साडीच्या कडेला दिसली. मोरपंखी आणि मरून जिथे भेटत होते तिथली रेघ थरथरल्यासारखी वाटत होती. डोळा त्या कडेवर अडकायचा, चेहऱ्याकडे जायलाच तयार नाही. दुसरी गडबड ब्लाउजची. डाळिंबी बाही कागदात विरघळून गेली आणि ताईंचा खांदा कुठे संपतो ते कळेना. केसांचंही तेच, अंबाडा मागच्या काळोखात गायब. ताईंनी स्वतःच पडद्याकडे बघून तोंड वाकडं केलं. "हे जड झालं हो."

जड का झालं याचं उत्तर चक्रावर नाही. चक्र फक्त कोणता रंग ते सांगतं, तो किती उजळ आणि किती भडक असावा ते सांगत नाही. आमच्या धंद्यातल्या निम्म्या चुका इथेच होतात. मी फोटोतला रंग काढून टाकला, काळा-पांढरा केला. मोबाइलमध्येही हे एका बोटाने होतं. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत ० ते २५५ अशी मोजपट्टी धरली, तर मरून कागद ६० वर होता आणि साडी ८० वर. म्हणजे रंग काढला की दोन्ही जवळजवळ एकाच करड्या रंगाचे. चक्रावर समोरासमोर, पण उजळपणात सारखे, आणि दोन्ही भडक. कड थरथरते ती याच तिढ्याने. डोळ्याला रंगातला फरक भरपूर मिळतो, पण आकार ओळखायला लागणारा उजेड-अंधाराचा फरक मिळत नाही. विरोधी जोडी वापरायची तर त्यातला एक रंग फिका किंवा मळकट करावा लागतो. दोघांनाही तेवढाच आवाज दिला तर भांडण ठरलेलं.

हळदी कार्डपुढे वेगळाच प्रकार. साडी छान उठली, पण चेहरा उतरला. त्वचा २३ अंशांवर, हळदी ४१ वर, म्हणजे अंतर अठराच अंशांचं. दोघं चक्रावरचे सख्खे शेजारी. त्यात हळदी कितीतरी जास्त भडक, त्यामुळे तिच्यापुढे त्वचा निस्तेज, आजारी वाटायला लागली. आपल्याकडे भगव्या, केशरी किंवा पिवळ्या रंगाचे ब्रँड खूप आहेत आणि त्या सगळ्यांना ही अडचण येते. आपली त्वचा, मग ती गोरी असो की सावळी, चक्राच्या त्याच नारिंगी कोपऱ्यात राहते. फरक पडतो तो मुख्यतः उजळपणात.

रंग शेजारच्या रंगामुळे बदललेला दिसतो, हे पहिल्यांदा पद्धतशीर मांडलं ते मिशेल यूजीन शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने. पॅरिसच्या गोबेलँ कारखान्यात भिंतीवरचे चित्रपट विणले जायचे आणि हा तिथल्या रंगाई विभागाचा प्रमुख होता. काळी लोकर नीट काळी दिसत नाही अशी तक्रार आली. त्याने लोकर तपासली तर रंगात काही खोट नव्हती. काळ्या धाग्याच्या बाजूला विणलेले निळे-जांभळे धागे त्याला फिका पाडत होते. यातून त्याने १८३९ साली एक जाडजूड ग्रंथ लिहिला. त्याचं म्हणणं असं की शेजारी ठेवलेले दोन रंग एकमेकांना आपल्या विरोधी रंगाकडे ढकलतात. ताईंचं सांगायचं तर हळदी कागद त्वचेतला पिवळसर ताजेपणा खाऊन टाकत होता. दोष मेकअपचाही नव्हता आणि कॅमेऱ्याचाही नव्हता.

मग राखाडी कार्ड. बरेच फोटोग्राफर अडचण आली की राखाडीचा आसरा घेतात, मीही घेतो. त्यात चूक काही नसते. पण ताईंच्या पाकिटाशेजारी ठेवलं तर तो फोटो एखाद्या विमा कंपनीच्या पत्रकातून आल्यासारखा दिसत होता. मसाल्याची ऊब गेली.

चक्रावर आणखी एक तोडगा असतो. कपड्याच्या अगदी समोरचा रंग न घेता त्याच्या दोन्ही बाजूंना साधारण तीस अंश सरकायचं. याला दुभंगलेली विरोधी संगती म्हणा. साडीच्या समोरचा २ अंश, त्याच्या अल्याड ३३२ आणि पल्याड ३२. तीनशे बत्तीस म्हणजे राणी रंगाकडे झुकलेला गुलाबी, त्याचा पाकिटाशी काही संबंध नाही. बत्तीस मात्र हळदीच्या घराकडे जाणारा. ब्रँडचा ४१ आणि हा ३२ यांच्या मध्ये, ३७ च्या आसपास थांबलो तर साडीशी तणाव राहतो आणि पाकिटाशी नातंही. त्वचेपासून अंतर थोडंच, चौदा अंशांचं. म्हणून इथे चेहरा वेगळा काढण्याचं काम रंगाने न करता उजळपणाने करायचं. भडकपणा १८ टक्क्यांवर आणायचा, उजळपणा ९० वर न्यायचा. कोड लिहिला तर `#E6D6BC`. मराठीत सांगायचं तर बदामी.

काळ्या-पांढऱ्याच्या मोजपट्टीवर हा बदामी २१६ वर येतो. ताईंचा चेहरा १३४, साडी ८०, केस त्याहून खाली. आता प्रत्येक पायरी वेगळी दिसते. डाळिंबी बाहीची कड स्वच्छ झाली, आणि मरून रंग फोटोत नव्हता असं कुठे होतं? तो ब्लाउजमध्ये आणि काठात होताच. ब्रँडचा रंग आधीच अंगावर असेल तर तोच पुन्हा मागे लावू नये, असं माझं ठाम मत आहे. मीठ घातलेल्या भाजीत पुन्हा मीठ घालण्यासारखं होतं ते.

इथे रंग ठरला, पण फोटो ठरला नाही. कागदाचा रंग दुकानात एक असतो, कॅमेऱ्यात दुसराच होतो, आणि याला कारण उजेड. ताईंच्या चेहऱ्यावरचा मुख्य दिवा त्यांच्यापासून चार फुटांवर होता. कागद त्यांच्या मागे सहा फुटांवर, म्हणजे दिव्यापासून दहा फूट. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. त्यामुळे कागदावर चेहऱ्याच्या सहाव्या हिश्शाएवढाच उजेड पोहोचला. पहिल्या फ्रेममध्ये आमचा बदामी चक्क खाकी झाला होता. कागदाला वेगळे दोन दिवे दिले, दोन्ही बाजूंनी, आणि ड्रॉपर टेकवून बघत उजळपणा नव्वदच्या जवळ येईपर्यंत ते वाढवत नेले. याची उलटी बाजू सोयीची आहे. एकच कागद कमी-जास्त उजेडात बदामी, मातकट किंवा तपकिरी करता येतो. छोट्या स्टुडिओने दहा रंग विकत घेण्याऐवजी तीन-चार मवाळ रंग घेऊन दिव्यांवर खेळावं.

मग ते सहा फूट तरी कशाला? ताईंना कागदाला खेटून उभं केलं असतं तर जागा वाचली असती. पण रंगीत कागद म्हणजे रंगीत आरसाच. त्यावर पडलेला उजेड रंग घेऊन परत येतो आणि जबड्याच्या कडेला, कानामागे, पांढऱ्या केसांत बसतो. हे मी एकदा चांगलंच भोगलंय. काही डॉक्टरांचा एकत्र फोटो होता, पांढरे कोट, मागे त्यांच्या बोधचिन्हातला पोपटी हिरवा, आणि जागा अपुरी म्हणून सगळे कागदापासून दोन फुटांवर. कोटांच्या बाह्या हिरवट, कानशिलं हिरवट. ते काढायला संगणकावर दोन रात्री गेल्या. ताईंच्या बाबतीत जरीचाही प्रश्न होता. जर चमकते, म्हणजे समोर-मागे जे असेल त्याचा रंग उचलते. हिरव्या कागदापाशी सोन्याची जर पितळेसारखी दिसते. बदामीपाशी ती सोनेरीच राहते, हा आयता फायदा मिळाला.

घरी मोबाइलवर फोटो काढणाऱ्यांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. मोबाइल पांढरा रंग स्वतः ओळखून फोटोचा तोल साधायला बघतो. मागे मोठा पिवळा पडदा असेल तर त्याला वाटतं की दिवाच पिवळा आहे. तो पिवळा कमी करतो आणि चेहरा, साडी सगळंच निळसर होतं. आधी पांढरा कागद धरून रंगाचा तोल पक्का करता येत असेल तर करावा. नाहीतर मागचा रंग फिका ठेवावा, म्हणजे मोबाइलची फारशी फसगत होत नाही.

आठवड्याने डिझायनरचा फोन आला. बदामीवर अक्षरं कुठली घालायची? ताईंची इच्छा हळदी अक्षरांची होती. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं गुणोत्तर मोजायची एक ठरलेली पद्धत आहे आणि वेबसाइटवरच्या साध्या मजकुरासाठी ते निदान ४.५ असावं असा संकेत आहे. बदामीवर मरून अक्षरं घातली तर ते सात येतं. हळदी घातली तर दीड. ताईंना आकडे सांगितले नाहीत, दोन्ही नमुने पाठवले. उत्तर आलं, "पिवळी अक्षरं वाचायला चष्मा लागतोय. मरून करा." शेवटी मरूनचा हट्ट असा पुरा झाला, फक्त कागदाऐवजी अक्षरांत.

हे गणित प्रत्येक वेळी इतकं सरळ जुळत नाही. अंगावर काळा किंवा पांढरा कपडा असेल तर चक्राला धरायला रंगच नसतो. तेव्हा मी त्वचेपासून सुरुवात करतो. २३ च्या समोर २०३ येतो, निळा. तो मळकट, राखेकडे झुकलेला घेतला की बहुतेक चेहरे खुलतात. बारीक फुलांचा प्रिंट असेल तर डोळे बारीक करून जो रंग उरतो तो धरावा. आणि आठ-दहा जणांचा ग्रुप आठ-दहा रंगांत आला, तर चक्र घडी करून ठेवावं आणि ब्रँडच्या रंगाचा सगळ्यात फिका, मवाळ अवतार मागे लावावा. तिथे सगळ्यांना न्याय देणारा भडक रंग मला आजवर सापडलेला नाही.

तुम्हाला कधी असा फोटो काढायचा असेल तर फोटोग्राफरला एवढं करा: दोन दिवस आधी कपडे दारातल्या उजेडात धरून त्यांचा फोटो पाठवा आणि सोबत ब्रँडच्या रंगांचे कोड द्या. साडी पाठवाल तेव्हा ब्लाउज विसरू नका. खांद्यापर्यंतच्या फोटोत चेहऱ्याच्या सगळ्यात जवळ तोच असतो.